दर कुणाचा, साठा कुणाचा?

सांगलीच्या गणपती पेठेतल्या एका बेदाणा-हळदीच्या दुकानात दोन सिस्टिममधली माहिती आपोआप जुळती ठेवणारं सिंक मी बसवून दिलं आणि पहिल्याच दिवाळीत ते तोंडावर आपटलं. चूक माझी होती, त्यामुळं कुणाला वाईट न वाटता सगळं सांगता येईल.

दुकानात दोन सिस्टिम आहेत. काउंटरवर बिलिंगचं सॉफ्टवेअर आहे, ते दुकानाचे मालक अण्णा आणि त्यांच्याकडचा एक जुना माणूस चालवतात. दुसरी वेबसाइट. ती त्यांच्या सूनबाई विश्रामबागच्या घरून बघतात. त्या माझ्या मित्राच्या बायको, म्हणून मी वहिनी म्हणतो. माल दोन्हीकडं तोच, गिऱ्हाईकही बरंचसं तेच. अण्णांची मागणी एका ओळीची होती. "एकीकडं बदललं की दुसरीकडं आपोआप बदलाय पाहिजे. दोन-दोनदा लिहायला लावू नगंस."

एकीकडं म्हणजे कुठं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. बहुतेक जण करतात तेच मी केलं. प्रत्येक मालाच्या रेकॉर्डवर शेवटच्या बदलाची वेळ असते. दर पंधरा मिनिटांनी दोन्हीकडचं रेकॉर्ड वाचायचं, ज्याची वेळ नंतरची ते खरं मानायचं आणि ते पूर्ण उचलून दुसरीकडं ठेवायचं. टेस्टिंगला झकास चाललं. टेस्टिंगला मी एकटाच होतो ना.

वसुबारसेच्या संध्याकाळी काय झालं ते बघू. माल एकच, हिरवा बेदाणा, अर्धा किलोचं पाकीट. साठा 46, दर 210 रुपये. सहा चाळीसला वहिनींनी वेबसाइटवर सणाचा दर लावला, 195. पावणेसातला वेबसाइटवर कुणीतरी तीन पाकिटं घेतली, तिथला साठा 43 झाला. सहा बावन्नला काउंटरवर दोन पाकिटं गेली, बिलिंगमधला साठा 44 झाला. सहा चोपन्नला सिंक चाललं. बिलिंगचं रेकॉर्ड नंतरचं, म्हणून ते जिंकलं आणि अख्खं वेबसाइटवर जाऊन बसलं.

वेबसाइटवरचा दर परत 210 झाला. काउंटरवर दराला कुणी हातही लावला नव्हता, फक्त दोन पाकिटं विकली होती, पण विक्रीमुळं रेकॉर्डची वेळ बदलली आणि साठ्याच्या पाठीवर बसून जुना दरही आला. साठा 44 झाला, म्हणजे वेबसाइटची तीन पाकिटांची विक्री पुसली गेली. (वेबसाइटच्या ऑर्डरचं बिल वेगळं निघायचं आणि त्यात साठा वजा होत नसे. तो सिंकमधून येईल असं मी धरलं होतं.) फडताळात प्रत्यक्षात 41 पाकिटं होती. वहिनींना वाटलं, अण्णांनी दर फिरवला. अण्णांना वाटलं, सुनेनं दर न विचारता कमी केला. दोन दिवस घरात जरा गंभीरच वातावरण होतं, आणि लक्ष्मीपूजनापर्यंत वेबसाइटनं नसलेली सात पाकिटं विकून ठेवली होती.

यात दोघांपैकी कुणीच चुकलं नव्हतं. घड्याळंही बरोबर होती. चुकीचं होतं ते मी निवडलेलं माप. "रेकॉर्ड" ही आपल्या सोयीची पेटी असते. तिच्यातला दर एकजण ठरवतो, फोटो दुसरा टाकतो, करदर सीए सांगतो, साठा तर विक्रीनं आपोआप हलतो. अख्ख्या पेटीला एक मालक नसतो, त्यामुळं पेटी कुणाची खरी, या प्रश्नाला उत्तरच नाही. उत्तर असतं ते पेटीतल्या एकेका रकान्याला, म्हणजे फील्डला.

मग प्रत्येक फील्डला वेगळी वेळ लावली तर? हे बऱ्याच जणांना सुचतं, मलाही सुचलं होतं. त्यानं दराचं भांडण मिटलं असतं, कारण दर वेबसाइटवर नंतर बदलला होता. पण साठ्याचं काय? 46 चे इकडं 44 आणि तिकडं 43. नंतरचा आकडा कुठलाही घ्या, दुसऱ्याची विक्री बुडणारच. शिवाय काउंटरच्या जुन्या कॉम्प्युटरच्या आतली बॅटरी गेली की लाइट गेल्यावर त्याची तारीख कित्येक वर्षं मागं जाते. मग तिथं केलेला कुठलाही बदल "जुना" ठरतो आणि निमूट हरत राहतो. कुठंही एरर दिसत नाही. वेळ बघून खरं-खोटं ठरवणं म्हणजे दोन घड्याळांवर दुकान सोपवणं.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन दुकानात बसलो. वहिनींनाही बोलावलं. प्रत्येक फील्ड घेऊन एकच प्रश्न विचारायचा ठरवला: हे जेव्हा बदलतं, तेव्हा सगळ्यात आधी कुणाला कळतं? ज्या सिस्टिमसमोर तो माणूस बसतो, ती त्या फील्डची मालक. यालाच आमच्या धंद्यात सोर्स ऑफ ट्रुथ म्हणतात. दुसऱ्या सिस्टिमकडं फक्त प्रत, आणि प्रतीवर लिहायचं नाही. तिथला तो रकाना जमेल तर कुलूपबंदच करायचा, नाहीतर माणूस सवयीनं लिहितोच आणि पंधरा मिनिटांनी त्याचं लिहिलेलं गायब झालं की सिंकला शिव्या देतो.

करासाठी मालाची वर्गवारी सांगणारा एचएसएन कोड आणि जीएसटीचा दर बिलिंगचा. यावर चर्चाच नाही, कारण चुकला तर नोटीस अण्णांच्या नावानं येते. फोटो आणि वर्णन वेबसाइटचं, आणि ते बिलिंगला कशाला पाठवायचं? सिंक म्हणजे सगळं सगळीकडं, असा आपला समज असतो. ज्या फील्डची दुसरीकडं गरजच नाही ते न पाठवणं हा सगळ्यात टिकाऊ निर्णय असतो.

नावावर गाडी अडली. बिलिंगमध्ये "बेदाणा हिरवा 500" असं होतं. बिलाच्या अरुंद पट्टीवर तेवढंच मावतं. वेबसाइटवर "तासगावचा हिरवा बेदाणा, अर्धा किलो". खरं कुठलं? दोन्ही खरी. एक काउंटरवरच्या माणसाला पटकन सापडावं म्हणून, दुसरं पुण्यातल्या गिऱ्हाइकाला वाचून घ्यावंसं वाटावं म्हणून. दोन्हीकडच्या रकान्यांवर "नाव" लिहिलंय एवढ्यावरून ती एक गोष्ट होत नाही. मग त्यांना जोडायचं कशानं? नावानं कधीच नाही. सिंकच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये एक साधा जोडतक्ता ठेवायचा: बिलिंगमधला माल क्रमांक आणि वेबसाइटवरचा माल क्रमांक शेजारीशेजारी. पूर्वी मी नावावरून जोडलं होतं, त्यामुळं वहिनींनी नाव सुधारलं की बिलिंगमध्ये तोच बेदाणा नव्यानं जन्माला यायचा.

दराचंही तेच निघालं. वहिनी म्हणाल्या, "कुरिअर, पॅकिंग, सणाची सूट, सगळं धरून माझा दर ठरतो." अण्णा म्हणाले, "सौद्यात भाव वाढला की माझा दर त्याच दुपारी बदलतो." दोघं तासभर एकाच शब्दाबद्दल भांडत होते आणि तो शब्द दोन गोष्टींना लावलेला होता. दुकानदर बिलिंगचा, ऑनलाइन दर वेबसाइटचा, आणि दोघांत सिंक नाही. सिंकमधली निम्मी भांडणं अशी, एका नावाखाली दोन फील्ड दडलेली असतात म्हणून होतात, असं माझं मत झालंय. अण्णांना एकच धास्ती होती, की दुकानदर वाढला आणि सुनेला कळलंच नाही तर? त्यासाठी वेबसाइटच्या आतल्या बाजूला दुकानदराची एक प्रत दाखवली, नुसती बघायला. गिऱ्हाइकाला ती दिसत नाही. आणि ऑनलाइन ऑर्डरचं बिल करताना दर माल-यादीतून घ्यायचा नाही, ऑर्डरसोबत आलेलाच घ्यायचा. ज्या क्षणी गिऱ्हाइकानं 195 रुपये भरले, त्या क्षणी तो आकडा त्या ऑर्डरचा झाला. नंतर दर काहीही होवो.

हे असं वेगळं केल्यानं आणखी एक जुना त्रास गेला. बिलिंगमध्ये दर कर सोडून असतो, वेबसाइटवर कर धरून आणि पूर्ण रुपयात. समजा बिलिंगचा दर 200.50. पाच टक्के जीएसटी धरून 210.53 होतात, वेबसाइट ते 211 करते. तेच सिंकनं परत आणलं आणि कर काढला की 200.95 होतात. कुणी काहीही न करता काउंटरचा दर 45 पैशांनी चढला! अण्णांच्या नजरेतून 45 पैसे सुटत नाहीत. गोल केलेला आकडा उलटा फिरवला की मूळ आकडा परत मिळत नाही, म्हणून हिशोब करून काढलेलं मूल्य मालकाकडं कधी परत पाठवायचं नाही.

शेवटी वहीत जे उतरलं, त्याचं सिंकच्या सेटिंगमध्ये हे झालं:

```
hsn, tax_rate     shop -> web
shop_rate         shop -> web   (read only)
online_rate       web only
photo, details    web only
stock             shop -> web
order_lines       web -> shop
order_status      shop -> web
cancel_request    web -> shop
phone             both
```

बाण बघा. एका ओळीत फार तर एकच बाण आहे. "दुतर्फा सिंक" हा शब्द ऐकून वाटतं की प्रत्येक फील्ड दोन्ही बाजूंना पळत असेल. प्रत्यक्षात एकतर्फी सिंकांची ती मोळी असते, काहींचं तोंड इकडं आणि काहींचं तिकडं. खरोखर दोन्ही बाजूंनी जाणारं फील्ड या यादीत एकच उरलं, फोन नंबर. त्याच्याकडं येतोच.

`cancel_request` ही ओळ मला स्वतःला आवडते. आधी गिऱ्हाइकानं वेबसाइटवर "रद्द करा" दाबलं की ऑर्डरची स्थिती तिथल्या तिथं "रद्द" व्हायची. तोवर दुकानात माणसानं खोकं बांधून कुरिअरला दिलेलं असायचं आणि बिलिंग म्हणायचं "पाठवली". मग सिंक कधी हे खरं मानायचं, कधी ते. आता स्थितीचं फील्ड एकट्या दुकानाचं आहे, कारण खोकं कुठं आहे ते दुकानालाच माहीत. गिऱ्हाइकाला स्थिती बदलता येत नाही, त्याला विनंती करता येते, आणि विनंती हे वेगळं फील्ड आहे ज्याची मालक वेबसाइट. दुकान विनंती बघतं आणि खोकं अजून हातात असेल तर स्थिती "रद्द" करतं. जो मालक नाही त्याला काही म्हणायचं असेल, तर त्याला म्हणण्यासाठी स्वतःचा रकाना द्यायचा, मालकाच्या रकान्यात हात घालू द्यायचा नाही.

आता साठा. इथं मी जास्त वेळ घालवला, आणि इथं मला अण्णांनीच वाट दाखवली.

मी त्यांना सांगत होतो की साठ्याची मालकी बिलिंगला देऊ, पण वेबसाइटवरची विक्री साठा बदलते त्याचं काय करायचं ते कळेना. म्हटलं, दोघांनाही साठ्यात लिहायला लागतंय. अण्णा म्हणाले, "खतावणीत कुणी थेट आकडा घालतंय व्हय? रोजमेळात लिवायचं, खतावणी त्यातनं निघती."

ज्यांनी वही-खातं बघितलेलं नाही त्यांच्यासाठी: रोजमेळ म्हणजे रोजच्या व्यवहारांची वही, जसं घडेल तसं त्यात उतरतं. खतावणी म्हणजे त्या नोंदी खात्याखात्यात वाटून काढलेली बेरीज-वजाबाकी. साठा हे खतावणीचं फील्ड आहे. तो कुणी ठरवत नाही, तो निघतो. त्यामुळं दोन सिस्टिमनी एकमेकींना "माझ्याकडं 43 आहेत" असं सांगणंच मुळात चूक. सांगायचं ते "1182 नंबरच्या ऑर्डरीत तीन गेली" असं. आकडे एकमेकांना पुसतात, नोंदी एकमेकींत मिळवता येतात.

मग रचना अशी झाली. वेबसाइट साठ्याला हात लावत नाही, ती ऑर्डरी पाठवते. बिलिंग प्रत्येक ऑर्डर आली की वजा करतं आणि नवा साठा वेबसाइटला कळवतं. मध्ये जो वेळ जातो त्यात वेबसाइटनं काय दाखवायचं? बिलिंगनं शेवटचा कळवलेला आकडा घ्यायचा आणि त्यातून बिलिंगला अजून न पोचलेल्या आपल्या ऑर्डरी वजा करून दाखवायच्या.

तीच वसुबारसेची संध्याकाळ या नव्या रचनेत चालवून बघा. बिलिंगनं कळवलेला आकडा 46. पावणेसातला वेबसाइटवर तीन गेली, ऑर्डर 1182. वेबसाइट दाखवते 46 वजा 3, म्हणजे 43. सहा बावन्नला काउंटरवर दोन गेली, बिलिंग 44 कळवतं. वेबसाइट दाखवते 44 वजा 3, म्हणजे 41. फडताळातही 41. सहा चोपन्नला ऑर्डर 1182 बिलिंगला पोचते, बिलिंग 44 मधून तीन वजा करून 41 कळवतं. आता 1182 न पोचलेल्यांत मोजायची नाही, म्हणून वेबसाइट दाखवते 41.

या शेवटच्या पायरीवर एक खड्डा आहे आणि मी त्यात पडलोच. बिलिंगनं "41" कळवलं, पण त्यात 1182 धरली की नाही हे वेबसाइटला कसं कळणार? धरली नाही असं समजून तिनं परत तीन वजा केली तर 38 दिसतात. म्हणून साठ्याच्या आकड्यासोबत त्यात कुठल्या ऑर्डरी धरल्यात हेही जायला हवं. "साठा 41, ऑर्डर 1182 धरून." ऑर्डरी क्रमानं घेतल्या जात असतील तर शेवटचा नंबर पुरतो, नाहीतर नंबरांची यादी द्यावी लागते. नुसता आकडा अर्धवट निरोप असतो.

दुसरी गोष्ट, निरोप दोनदा जाऊ शकतो. वेबसाइटनं 1182 पाठवली, बिलिंगनं वजा केली, पण "मिळाली" हे उत्तर येईपर्यंत नेट गेलं. वेबसाइट पुन्हा पाठवणार, आणि तिनं पाठवायलाच पाहिजे. बिलिंगकडच्या बाजूनं घेतलेल्या ऑर्डरींचे नंबर लिहून ठेवायचे आणि तोच नंबर परत आला तर वजा न करता फक्त "मिळाली" म्हणायचं. रोजमेळातही पावती नंबर बघूनच नोंद करतात, तसंच.

एवढं करूनही एक गोष्ट सुटत नाही. शेवटचं पाकीट काउंटरवर आणि वेबसाइटवर एकाच मिनिटात विकलं गेलं तर कुठलंही पंधरा मिनिटांचं सिंक वाचवू शकत नाही. निरोप सेकंदासेकंदाला धाडले तरी फट लहान होते, बुजत नाही. ती बुजवायची तर काउंटरवरच्या प्रत्येक बिलाला वेबसाइटला विचारून थांबावं लागेल, आणि नेट गेलं की दुकान बंद. अण्णा हे कधीच मान्य करणार नाहीत, आणि ते बरोबर आहे. त्याऐवजी शेवटची पाच पाकिटं ऑनलाइन विकायचीच नाहीत असं ठरवलं. पाचच का? पंधरा मिनिटांत काउंटरवर एका मालाची साधारण तेवढीच पाकिटं जातात, असं अण्णा म्हणाले. दिवाळीत ते पंधरा करतात.

आता राहिला फोन नंबर. गिऱ्हाईक कधी वेबसाइटवर स्वतःच नंबर बदलतं, कधी दुकानात येऊन "अण्णा, नंबर बदललाय, लिहून घ्या" म्हणतं. आधी कुणाला कळतं याचं उत्तर इथं खरोखरच "दोघांपैकी कुणालाही" असं आहे. दोघांनाही लिहू द्यावं लागतं. मग पेच असा, की इकडं शेवट 17 आणि तिकडं शेवट 71 दिसला तर बदल कुणी केला आणि शिळं कुणाकडं राहिलं? नुसत्या दोन आकड्यांकडं बघून हे कळणं अशक्य आहे. तिसरा आकडा लागतो: दोघांचं शेवटी एकमत झालं होतं तो. सिंकनं तो स्वतःकडं जपून ठेवायचा. मग निर्णय चार ओळींत होतो:

```
if web == shop:     base = web
elif web == base:   web = base = shop
elif shop == base:  shop = base = web
else:               conflict
```

`base` म्हणजे एकमताचा नंबर. दोन्हीकडं सारखं असेल तर एकमत त्यावरच. वेबसाइटवरचा नंबर एकमताच्याच नंबराइतका असेल, म्हणजे वेबसाइटवर काही बदललं नाही, तर बदल दुकानात झाला, तो घ्या. उलट असेल तर उलट. तिन्ही वेगळे असतील तर दोघांनीही बदललंय, आणि तिथं सिंकनं शहाणपणा करायचा नाही. ती नोंद एका यादीत जाते, वहिनी गिऱ्हाइकाला फोन करून विचारतात. महिन्याला एखाद-दोन निघतात. दोन-तीन हजार गिऱ्हाइकांच्या दुकानाला एवढं परवडतं. जिथं अशा नोंदी रोज पन्नास निघत असतील, तिथं ते फील्ड दोघांचं नसून त्याला मालक द्यायचा राहिलाय, असं समजावं.

याच रचनेत प्रतिध्वनीचा बंदोबस्तही होतो. सिंकनं वेबसाइटवर नंबर लिहिला की वेबसाइट लगेच ओरडते, "नंबर बदलला!" कारण बदल माणसानं केला की सिंकनं, हे तिला कळत नाही. सिंक तो बदल दुकानाकडं नेतं, दुकान ओरडतं, आणि दोघं रात्रभर एकमेकांना हाका मारत बसतात. पण वरच्या चार ओळींत ओरडणं ऐकून नुसतं बघायला जायचं असतं. बघितलं तर दोन्हीकडं सारखंच आहे, मग काम नाही. एकच अट, सारखं म्हणजे खरोखर सारखं दिसलं पाहिजे. वेबसाइट नंबरापुढं +91 लावते, बिलिंग दहा आकडी ठेवतं. तसेच ताडून बघितले तर ते कधीच सारखे निघत नाहीत आणि हाका थांबत नाहीत. आधी दोन्ही एका साच्यात आणायचे, मग ताडायचे. सांगलीतले जुने घाऊक गिऱ्हाईक लँडलाइन देतात, 0233 वाले. माझ्या पहिल्या यादीत एक्सेलनं त्यातलं पहिलं शून्य खाल्लं होतं आणि सिंकला वाटलं, दुकानात सगळ्यांचे नंबर एका रात्रीत बदलले.

तशीच रिकाम्या रकान्याची गंमत. वेबसाइटच्या फॉर्ममध्ये लँडलाइनला जागाच नव्हती, त्यामुळं तिच्याकडून ते फील्ड रिकामं यायचं. सिंकनं ते "पुसून टाका" असं वाचलं. "नंबर नाही" आणि "मला विचारलंच नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जे फील्ड निरोपात आलंच नाही त्याला हात लावायचा नाही, हा नियम पहिल्या दिवशी घालायला हवा होता.

हे सगळं बरोबर चाललंय हे कळतं कसं? सिंकला विचारून नाही, त्याला सगळं छानच वाटत असतं. रोज रात्री दोन वाजता एक वेगळा, छोटा प्रोग्रॅम चालतो. तो काहीच लिहीत नाही. दोन्हीकडचं सगळं वाचतो आणि जिथं मालकाचं मूल्य आणि प्रत यांत फरक आहे, त्याची यादी करतो. एका रात्रीच्या फरकाकडं मी बघत नाही, निरोप वाटेत असू शकतो. दोन रात्री सलग दिसला तर तो खरा. सिंकचा प्रत्येक बदल तारखेसह लिहून ठेवतो: कुठलं फील्ड, काय होतं, काय झालं, कुणाच्या सांगण्यावरून. एखादं फील्ड 210, 195, 210, 195 असं झुलताना दिसलं की समजायचं, त्याला दोन मालक झालेत. बहुतेक वेळा कुणीतरी कुलूप काढून प्रतीवर लिहिलेलं असतं.

ही यादी आता बहुतेक दिवशी कोरी येते. मध्यंतरी मात्र महिनाभर एक वेगळंच प्रकरण चाललं. दोन्ही सिस्टिम एकमेकींशी तंतोतंत जुळायच्या, पण रविवारी फडताळ मोजलं की हिरव्या बेदाण्याची दोन-तीन पाकिटं कमी. सिंक तपासलं, ऑर्डरींचे नंबर तपासले, दोनदा वजा झालेलं काही सापडेना. अखेर एका दुपारी मी काउंटरपाशी बसलो होतो. कोल्हापूरचं एक गिऱ्हाईक आलं, अण्णांनी फडताळातलं पाकीट काढलं, फोडलं आणि मूठभर बेदाणा त्याच्या हातावर ठेवला. "खाऊन बघा, मग बोला." थोडा माझ्याही हातावर आला.

रोजमेळात या नोंदीला नावच नव्हतं. बिलिंगमध्ये "चवीला" असा एक प्रकार वाढवला, दर शून्य, साठ्यातून एक वजा. अण्णा तो दाबत नाहीत. "चवीचं कसलं बिल करतोस?" म्हणतात. रविवारी वहिनी फोडलेली पाकिटं मोजून त्या नोंदी टाकतात.